अमर, दोर-मिरी आणि कुडाळ

‘हरवले ते गवसले’ हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळविला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कोणते दफ्तर, दागिना किंवा दुरावलेला भाऊ आला नाही. आला तो गिरगावातील एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरचा, खिडकीशी आरामखुर्ची टाकलेला दहा बाय बाराचा खोलवजा दिवाणखाना आणि त्यात बसून साठ वर्षांपूर्वी ऐकलेले एक गाणे शोधणारे, वयाची ऐंशी उलटलेले काका. ते माझ्या नात्याचे नव्हेत, पण सगळी चाळ त्यांना काकाच म्हणते आणि मीही म्हणतो. मूळचे कुडाळचे, ऐन तारुण्यात बोटीवर खलाशी म्हणून लागले आणि सारंगाच्या हुद्द्यापर्यंत चढून निवृत्त झाले. रॉयल ऑपेरा हाउसची इमारत त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. 1911 साली पंचम जॉर्जच्या हस्ते जिचे उद्घाटन झाले, जिच्या रंगमंचावर बालगंधर्वांची पदे घुमली आणि जी पुढे जवळजवळ दोन तपे बंद राहून 2016 साली पुन्हा उघडली, ती ही वास्तू काकांच्या लेखी मुख्यतः बसचा थांबा होय. ऑपेरा त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला, आणि तो लंडनला.

बोट टिलबरीच्या गोदीत लागली होती. जहाजावरील एका इंग्रज अधिकाऱ्याला आयत्या वेळी जाणे जमेना, म्हणून त्याने आपले तिकीट या बावीस वर्षांच्या पोराच्या हातावर ठेवले. ‘नाटकगृह एवढे मोठे की आमची बोट आत मावली असती,’ काका सांगतात. ‘मी अगदी वर, छताशी. खाली एक राजा एकटाच बसलेला. रात्र. टेबलावर मेणबत्त्या, त्याही विझायला आलेल्या. त्याची राणी वारलेली असावी, कारण तो तिच्यासाठी रडत होता. पण आवाज असा, की नांगराची साखळी तळातून वर ओढावी. शब्द म्हणाल तर तीनच राहिले. तो अमर अमर म्हणे, मग दोर-मिरी, दोर-मिरी म्हणे. आणि अखेरीस, तुम्ही हसाल, पण त्याने कुडाळचे नाव घेतले.’

मी हसलो नाही. एक दृश्य, एका आवाजाची जात आणि तीन मोडके शब्द एवढ्या भांडवलावर हे पद शोधून देण्याचे मी कबूल केले.

दृश्याची साक्ष

आपल्या नाट्यपदाप्रमाणेच ऑपेरातील एकट्याने गावयाच्या पदाला, म्हणजे आरियाला, स्वतंत्र नाव नसते; त्याचे पहिले दोन-चार शब्द हेच त्याचे नाव, आणि सूचीत त्याची नोंद त्याच शब्दांखाली. अडचण येथूनच सुरू होते. श्रोत्याच्या मनात पहिले शब्द क्वचितच उरतात, कारण पदाचा आरंभ बहुधा दबक्या स्वरात होतो आणि गायकाचा आवाज पूर्ण उमलतो तो मध्यावर किंवा शेवटी. पुच्चीनीच्या ‘नेस्सुन दोर्मा’ या पदातील जो शब्द जगभर गुणगुणला जातो तो ‘विन्चेरो’ हा अगदी अखेरचा आहे. त्या शब्दाखाली सूची चाळणारा मनुष्य रिकाम्या हाताने परत येतो. काकांचे तीन शब्दही पदाच्या पोटातले असणार हे गृहीत धरणे भाग होते. म्हणून सूची मिटवून मी दृश्यापासून आरंभ केला.

गुस्ताव्ह कॉबे या अमेरिकन समीक्षकाचा ऑपेरांच्या कथानकांचा जाडजूड ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1919 साली प्रसिद्ध झाला आणि पुढे वेळोवेळी वाढविला गेला. शहरातील एका जुन्या ग्रंथसंग्रहालयात त्याची पिवळी पडलेली प्रत मिळाली. तीत कथानके संगीतकारांच्या नावाखाली लावलेली आहेत, प्रसंगांच्या नावाखाली नव्हेत. तेव्हा ‘मृत पत्नीसाठी शोक करणारा पुरुष’ हे सूत्र धरून पाने उलटणे एवढाच मार्ग होता. त्या सूत्राने पहिल्याच दिवशी मला ग्लुकच्या ‘ऑर्फेओ’पाशी, म्हणजे 1762 साली व्हिएन्नात प्रथम झालेल्या ऑपेरापाशी, नेऊन उभे केले. पाताळात जाऊन परत आणलेली पत्नी मागे वळून पाहिल्यामुळे पुन्हा गमावलेल्या नायकाचा तो विलाप. शोक होता, पत्नी होती, इटालियन भाषाही होती. पण राजा नव्हता, मेणबत्त्या नव्हत्या, आणि मुख्य म्हणजे तो आवाज नव्हता.

येथे मला पहिला धडा मिळाला. दृश्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: डोळ्यांनी पाहिलेले आणि त्यावरून मनाने लावलेला अर्थ. राजा, रात्र, टेबल, विझत्या मेणबत्त्या हे डोळ्यांचे. ‘राणी वारलेली असावी’ हे मनाचे, आणि भाषेचे अक्षरही न समजणाऱ्या मनाचे. साक्षीदार या दोहोंत फरक करीत नाही. तो तपास करणाऱ्याने करावयाचा असतो. काकांच्या जबानीतील ‘असावी’ या क्रियापदावर मी पेन्सिलीने खूण केली आणि राणीचा मृत्यू पुराव्यातून तूर्त वगळला.

नांगराची साखळी

ऑपेरात आवाजाची जात ही पात्राच्या वेषाहूनही पक्की असते. वेष दिग्दर्शक बदलतो, काळ आणि स्थळही बदलतो, परंतु संगीतकाराने खालच्या स्वरांत लिहिलेले पद उंच आवाजाच्या गायकाला कोणी देत नाही. स्थूलमानाने पुरुषांचे तीन आवाज: टेनर हा उंच आणि बहुधा तरुण प्रियकराचा, बॅरिटोन मधला, आणि बास सर्वांत खालचा, राजे, पुरोहित, पिते व वृद्ध यांचा. स्त्रियांचेही तसेच तीन: सोप्रानो, मेझो-सोप्रानो आणि काँट्राल्टो. येथे एक फसगत ठरलेली. आपल्या रंगभूमीवर पुरुष स्त्रिया झाले. ऑपेरात उलट, अनेक किशोरवयीन मुलांच्या भूमिका स्त्रिया करतात, आणि ऑर्फेओची भूमिकाही पुष्कळदा स्त्रीनेच गायिलेली आढळते. त्यामुळे ‘एक पोरगा गात होता’ असे कोणी सांगितले, तर शोध स्त्रियांच्या पदांतही घ्यावा लागतो.

काकांच्या बाबतीत हा पेच नव्हता. तरीही ‘जाड आवाज’ म्हणजे बास की बॅरिटोन हे ठरविणे आवश्यक होते, कारण छताशी बसलेल्या अनभ्यस्त श्रोत्याला दोन्ही सारखेच जाड वाटतात. मी काकांना दोन्ही आवाजांची दोन-दोन पदे, नावे न सांगता, ऐकविली. बॅरिटोनची पदे त्यांनी हाताने बाजूला सारली: ‘हा वरच्या डेकवरून बोलतो. तो राजा खालच्या तळातला.’ सारंगाचा हा निकाल मी मानला.

आता सूत्र बदलले: शोक करणारा पुरुष नव्हे, तर रात्रीच्या वेळी एकटा गाणारा बास. पुन्हा दोन उमेदवार पुढे आले. एक व्हेर्दीच्या ‘सिमोन बोक्कानेग्रा’तील फिएस्को, जो ऑपेराच्या प्रारंभीच आपल्या मृत कन्येसाठी गातो. बास, इटालियन, रात्र, मृत्यू: चार गोष्टी जुळल्या, आणि काकांच्या ‘वारलेली’ या शब्दालाही आधार मिळाला. पण फिएस्को राजा नव्हे. तो राजवाड्याबाहेर, चौकात उभा असतो आणि आतून समूहाचा शोकस्वर ऐकू येत असतो. टेबल नाही, मेणबत्त्या नाहीत, एकांतही पुरता नाही. दुसरा मुसोर्ग्स्कीचा बोरिस गोदुनोव्ह: राजा, बास, राजवाड्याची खोली, आणि मनाला कुरतडणारी अपराधाची जाणीव. याच्यापाशी मी बराच काळ रेंगाळलो. परंतु तो ऑपेरा रशियन. आणि रशियनमध्ये प्रेमाचा शब्द ‘ल्युबोव्ह’ असा काही आहे, ‘अमर’च्या जवळपासही न येणारा. एका उमेदवाराला दृश्याने अपात्र ठरविले, दुसऱ्याला भाषेने. यापुढे शब्दांकडेच जावे लागणार होते.

पणजीच्या बाई

तीन शब्दांपैकी ‘अमर’ जवळजवळ निरुपयोगी होता. इटालियन ऑपेरात ‘आमोर’, म्हणजे प्रेम, हा शब्द आपल्या पदांतील ‘सखे’ किंवा ‘विरह’ यांच्याइतकाच स्वस्त. तो कोणत्या पदात आहे असे विचारण्यापेक्षा कोणत्यात नाही असे विचारणे सोपे. असा शब्द एवढेच सांगतो की भाषा लॅटिनच्या कुळातील आहे. ओळख पटवितो तो विरळ शब्द. परंतु विरळ शब्द अनोळखी असल्यामुळे कान त्याला आपल्या परिचयाचे रूप देतात, आणि म्हणून नेमका तोच सर्वांत अधिक मोडलेला असतो.

‘दोर-मिरी’चा उलगडा पणजीला फोंताइन्हास या जुन्या वस्तीत झाला. तेथे एक बाई राहतात, पूर्वी पोर्तुगीज शिकवीत असत. एका स्नेह्याच्या ओळखीने मी त्यांच्या बाल्कांवावर जाऊन बसलो. काकांच्या आवाजाची ध्वनिफीत मी मुद्दाम नेली होती, कारण असे शब्द लिहून दाखविले की ते लिहिणाऱ्याच्या लिपीने आणखी एकदा मोडतात. बाईंनी डोळे मिटून दोनदा ऐकले आणि म्हणाल्या, ‘ते मिरी म्हणत नाहीत हो. नीट ऐका, शेवटी ओ आहे. दोर्मिरो. दोर्मीर म्हणजे निजणे, हे आमचेच. पण आम्ही असे म्हणणार नाही.’

मग त्यांनी जे समजावून सांगितले तेच या शोधाचे मर्म ठरले. ‘मी निजेन’ हा भविष्यकाळ या साऱ्या भगिनीभाषांत एकाच धातूपासून होतो, पण शेपूट निराळे. पोर्तुगीजमध्ये ते ‘रेय’ होते, आणि पहिला ओकारही तोंडात उकाराकडे झुकतो, स्पॅनिशमध्ये ‘दोर्मिरे’, फ्रेंचमध्ये लिहिण्याची तऱ्हा वेगळी, पण उच्चार पुन्हा ‘रे’कडेच जाणारा. ठसठशीत, आघातयुक्त ‘रो’वर संपणारी एकटी इटालियन. ‘तुमच्या काकांनी मिरी कुठून आणली ते ठाऊक नाही, पण गाताना त्यांच्या तोंडून ओ सुटत नाही. बोलताना मिरी म्हणतात, गुणगुणताना मिरो.’ हे मला चार भेटींत उमगले नव्हते. शब्द सांगावयास लावू नये, गावयास लावावा. अर्थाची लुडबूड थांबली की जीभ मूळ ध्वनीला अधिक इमानी राहते.

निरोप घेताना बाई म्हणाल्या की गोव्याला इटालियन ऑपेरा अगदीच परका नाही. कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोग ‘इटालियन भुर्गो’ या नावाने 1892 साली मुंबईत झाला, आणि त्याची स्फूर्ती मुंबईला आलेल्या इटालियन मंडळीच्या खेळांतून घेतलेली होती. मी वाटेला लागलो तेव्हा माझ्यापाशी एक पूर्ण वाक्य होते: एक राजा, खालच्या आवाजात, इटालियनमध्ये सांगतो आहे की मी निजेन. भविष्यकाळी. म्हणजे आता त्याला झोप नाही.

कुडाळ कोठे आहे

झोप न येणारा राजा! एवढे हाती आल्यावर कॉबेचा ग्रंथ पुन्हा उघडण्याचीही फारशी गरज उरली नाही. व्हेर्दीच्या ‘डॉन कार्लोस’मध्ये स्पेनचा राजा दुसरा फिलिप पहाटेपर्यंत जागा राहून गातो, आणि त्या पदाचे नाव ‘एल्ला जाम्माई मामो’, म्हणजे तिने माझ्यावर कधी प्रेम केलेच नाही. संहितेतील रंगसूचना काढून पाहिली. राजा विचारात बुडालेला, कागदांनी भरलेल्या टेबलावर रेललेला, दोन शमादानांतील मेणबत्त्या जळून संपत आलेल्या, खिडकीच्या काचांवर पहाटेचा उजेड. काकांच्या डोळ्यांनी साठ वर्षे जे जपले होते ते संहितेत जवळजवळ शब्दशः होते.

राहिले कुडाळ. पदाच्या मध्यभागी राजा म्हणतो की आपल्याला झोप लागेल ती राजवस्त्र पांघरून, आयुष्याचा दिवस मावळल्यावर, एस्कुरियालच्या तळघरातील दगडी कमानीखाली. माद्रिदजवळचा एस्कोरियाल हा मठ, राजवाडा आणि राजघराण्याचे दफनस्थान यांचा एकत्र, प्रचंड व्यूह, स्वतः फिलिपनेच 1563 ते 1584 या काळात बांधविलेला. राजा आपल्याच हुकुमाने उभारलेल्या थडग्याचे नाव घेत होता आणि छताशी बसलेल्या कोकणातील पोराला त्या नावात आपला गाव ऐकू येत होता. ‘एस’ सुरावटीत विरले, ‘कुरियाल’ उरले. त्याचे कुडाळ व्हावयास घराची ओढ पुरेशी होती. विशेषनाम हा या साऱ्या व्यवहारातील सर्वांत बलवान पुरावा. ‘आमोर’ शेकडो पदांत सापडेल, एस्कुरियाल क्वचितच.

तरीही एक शंका होती, आणि ती दूर केल्यावाचून निकाल देणे योग्य नव्हते. हा ऑपेरा मुळात फ्रेंच. तो 1867 साली पॅरिसमध्ये प्रथम झाला. इटालियन ही भाषांतराची भाषा. फ्रेंच संहितेतही एस्कुरियाल त्याच जागी आहे, म्हणजे कुडाळ हा पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच लागू. भाषा ठरली ती केवळ ‘रो’ या एका अक्षराने. भाषांतराचा हा धोका अशा शोधांत नेहमी असतो. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत जर्मनीतील नाट्यगृहांत परकीय ऑपेरा सर्रास जर्मनमध्ये गाइले जात. काकांची बोट टिलबरीऐवजी हॅम्बुर्गला लागली असती, तर त्यांच्या कानावर पडलेले शब्द मूळ संहितेत कोठेच सापडले नसते आणि पणजीच्या बाईंचे व्याकरणही फुकट गेले असते.

दुसरा म्हातारा आणि पहिले जंगल

ओळख पटली असे वाटते तेव्हाच उलटतपासणी करावी, कारण उत्तर गवसल्याच्या आनंदात साक्षीदाराच्या तोंडी आपणच शब्द घालतो. मी काकांना ना ऑपेराचे नाव सांगितले ना राजाचे. फक्त विचारले, गाणे संपल्यावर काय झाले?

ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. ‘दुसरा एक म्हातारा आला,’ ते म्हणाले. ‘फार म्हातारा. दोघांनी धरून आणला, त्याला दिसत नसावे. त्याचाही आवाज तसलाच. दोन बोटींचे भोंगे समोरासमोर वाजावेत तसे दोघे भांडले. आणि राजा त्याला भ्याला.’

तो धर्मन्यायसभेचा प्रमुख, नव्वद वर्षांचा, आंधळा. राजाचे पद संपताच तो येतो. वाद्यवृंदाच्या तळाशी काँट्राबासून घरघरू लागते, आणि दोन बास आवाजांचा असा सामना सुरू होतो की जो ऑपेराच्या विश्वात विरळाच. बोरिसच्या खोलीत असा आंधळा येत नाही, फिएस्कोच्या चौकातही नाही. मुख्य दृश्यावर अनेक पदांचा दावा असू शकतो. त्याच्या शेजारच्या दृश्यावर सहसा एकाच पदाचा असतो.

मग आणखी एक प्रश्न: पडदा प्रथम उघडला तेव्हा काय दिसले? ‘जंगल. थंडीचे. लाकूडतोडे असावेत. मला वाटले, चुकीच्या नाटकाला आलो.’ हा तपशील अनमोल होता, कारण व्हेर्दीने या कृतीत वारंवार फेरफार केले. 1884 साली मिलानसाठी त्याने तिचे चार अंक केले, तेव्हा फ्रान्समधील फोंतेनब्लोच्या जंगलाचा पहिला अंक संपूर्ण गळला आणि आरंभ मठात होऊ लागला. 1886 साली मोदेना येथे तो जंगलाचा अंक पुन्हा जोडून पाच अंकांचा प्रयोग झाला. इटालियन भाषा आणि तरीही जंगल, हे दोन्ही एकत्र लागू पडते ते या पाच अंकी रूपालाच. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनने 1958 साली लुकीनो व्हिस्कोन्तीच्या दिग्दर्शनाखाली आणि कार्लो मारिया जुलिनीच्या संगीतसंचालनाखाली नेमके हेच रूप उभे केले, त्यात राजा गायिला बोरिस क्रिस्टॉफ या बल्गेरियन गायकाने. आणि ती मांडणी पुढे कित्येक वर्षे तेथे पुन्हापुन्हा होत राहिली. काकांचे तिकीट तिचेच होते.

चेलो

शेवटच्या भेटीत मी ध्वनिमुद्रण नेले. पद ‘डी मायनर’मध्ये आहे, आरंभी माणूस गात नाही, एकटा चेलो गातो, आणि त्याभोवती इतर तंतुवाद्यांत एक लहानशी आकृती पुन्हापुन्हा कण्हत राहते, जशी न मिटणाऱ्या पापणीची उघडझाप. मग राजा बोलू लागतो, गाणे म्हणवणार नाही इतक्या दबक्या स्वरात, एखादे स्वप्न आठवीत असल्यासारखा. म्हणूनच पदाचे नाव ज्या शब्दांवर आहे ते काकांच्या स्मरणात राहिलेच नव्हते. ते निश्चल बसले होते. मध्यावर ‘दोर्मिरो’ आला, तशी त्यांची बोटे खुर्चीच्या हातावर ताल धरू लागली.

पद संपल्यावर मी अर्थ सांगितला. फ्रान्सची राजकन्या एलिझाबेथ राजपुत्राची वाग्दत्त वधू होती. राज्याच्या तहासाठी ती राजाने स्वतःच वरली. ती आली त्या दिवशी तिने त्याच्या पांढऱ्या केसांकडे कसे पाहिले, हे म्हातारा राजा आठवतो आहे.

‘म्हणजे राणी जिवंत होती?’

‘जिवंत होती, काका. त्याच राजवाड्यात.’

त्यांनी भिंतीकडे पाहिले. तेथे काकूंची तसबीर आहे, चंदनाचा हार घातलेली. काकू गेल्या तेव्हा काका अटलांटिक महासागरात होते. तार बंदरावर मिळाली, हे चाळीतील कोणीतरी मला पूर्वी सांगितले होते. लंडनच्या त्या रात्रीनंतर कितीतरी वर्षांनी घडलेली ती गोष्ट. राजाच्या राणीला मरण कोणी दिले हे मला त्या क्षणी कळले, आणि पहिल्या दिवशी ‘असावी’खाली मी केलेली पेन्सिलीची खूण किती वरवरची होती हेही.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘पुन्हा एकदा लावा.’ मी लावले. एस्कुरियालचे नाव जवळ येताच मी हलकेच बोट उचलून त्यांना इशारा केला. त्यांनी ऐकले, मान डोलावली आणि हसून म्हणाले, ‘तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण कुडाळच म्हणतोय तो.’